पंचवीस वर्षांचे आभार आणि एप्रिल-मेची बिलं

फोंड्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकांनी मे महिन्यात मला फोन केला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सूत्रसंचालन करतो, त्यामुळे लोक भाषणंही लिहून मागतात. "सर, पंचवीस वर्षं झाली धंद्याला. हॉल बघतोय. ग्राहक, ड्रायव्हर, ऑफिस, सगळ्यांचे आभार होतील असं छोटंसं लिहून द्या." मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. प्रत्यक्षात दोन महिने गेले, आणि त्यातला लिहिण्याचा वेळ फार तर तीन दिवसांचा.

आधी धंदा समजून घ्यायला हवा. हे गृहस्थ 1999 मध्ये एसटीडी बूथच्या काउंटरवर मुंबई-पुण्याच्या खासगी बसची तिकिटं विकत होते. कोकण रेल्वे आदल्याच वर्षी पूर्ण मार्गावर सुरू झाली होती आणि मुंबईची माणसं रात्री गाडीत बसून सकाळी गोव्यात उतरायला लागली होती. यांनी नेमकं हेरलं की त्यातली सगळीच माणसं किनाऱ्यावर जात नाहीत. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदोड्याची महालक्ष्मी, नागेशी, रामनाथी, ही सगळी फोंडा तालुक्यात. ज्यांचं कुलदैवत इथं, ते वर्षातून एकदा तरी येणार. करमळीला किंवा मडगावला उतरवून घ्यायचं, देवळाच्या अग्रशाळेत मुक्कामाला सोडायचं, दुसऱ्या दिवशी अभिषेक आटोपला की दोन-तीन देवळं करून पुन्हा स्टेशन. असा ग्राहक जाहिरात बघून येत नाही. वडिलांनी ज्याची गाडी घेतली त्याचीच मुलगा घेतो. दुसरी बाजू गोव्यातून बाहेर जाणाऱ्यांची: पंढरपूर, तिरुपती, काशी. स्वतःच्या सात गाड्या, ऑफिसात चौघं, आणि हंगामात लागतील तशा बाहेरच्या गाड्या.

मालकांनी स्वतः लिहिलेला मसुदा मला दिला. दीड पान व्यासपीठावरच्यांची नावं, मग "आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत", "आमचे चालक म्हणजे आमचा कणा", "ऑफिस स्टाफ म्हणजे एक कुटुंब". मी त्यांना म्हटलं, यातला "चालक" शब्द काढून "शिंपी" घाला आणि एखाद्या कपड्याच्या दुकानदाराला द्या, त्याचंही भाषण होईल. ते हसले, पण थोडे दुखावलेही. वाक्यं खोटी नव्हतीच. फक्त ती ऐकून समोरच्या कुणालाच "हे माझ्याबद्दल चाललंय" असं वाटलं नसतं.

म्हणून मी त्यांच्याकडे जुन्या ड्युटी स्लिपा मागितल्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गाडी बाहेर पडताना ड्रायव्हरच्या हातात एक कागद असतो. त्यावर पार्टीचं नाव, पिकअपची वेळ, निघतानाचं आणि परतल्यावरचं किलोमीटर, टोल-पार्किंग, आणि शेवटी ग्राहकाची सही. बिल याच्यावरच बनतं. ऑफिसच्या माळ्यावर वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. त्यांच्या मागच्या बाजूला ड्रायव्हरांनी पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय! "गाडी दोन तास लेट, थांबलो." "आजींना जिना चढता येत नाही, खालची खोली सांगणे." "पार्टी चष्मा विसरली, पोस्टाने पाठवला." मला भाषणाचा मजकूर सापडला तो इथं. मालकांनी हे गठ्ठे कधी उलटून बघितलेच नव्हते, कारण ऑफिसला लागणारे आकडे पुढच्या बाजूला असतात.

पहिली अडचण तारखेची निघाली. मालकांच्या मनात डिसेंबर होता. तेव्हा मुंबईचे ग्राहक गोव्यातच असतात, हवा चांगली असते. पाच वर्षांपूर्वीचा विसाव्या वर्षाचा कार्यक्रमही डिसेंबरातच झाला होता. त्याबद्दल मी एका जुन्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "पात्रांव आमचे आभार मानत होते तेव्हा मी खाली पाहुण्यांच्या गाड्या लावत होतो. टाळ्या ऐकू आल्या." सात ड्रायव्हरांपैकी एकजण हॉलमध्ये होता, बाकीचे ड्युटीवर. हे मालकांना सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कॅलेंडर काढलं. शेवटी जुलैतला एक सोमवार ठरला. पावसात धंदा बसलेला असतो, आणि सोमवारी येणं-जाणं त्यातही कमी. मुंबईचे निम्मे ग्राहक येणार नाहीत हे उघड होतं. ते त्यांनी पत्करलं. माझ्या मते भाषणाबद्दलचा सगळ्यात मोठा निर्णय हाच होता, आणि तो भाषणात कुठेच दिसत नाही.

दुसरी अडचण: "आमचे ड्रायव्हर" म्हणजे नेमके कोण? मसुद्यात सात नावं होती, पगारावरची. पण स्लिपांवर त्याहून कितीतरी जास्त सह्या दिसत होत्या. हंगामात ज्यांच्या गाड्या अटॅच असतात ते नऊजण. गाडी त्यांची, कर्ज त्यांच्या नावावर, पार्टी एजन्सीची. एजन्सी कमिशन कापून घेते. यातले दोघं पूर्वी खाणींवर टिप्पर चालवायचे. 2012 मध्ये खनिज उत्खनन बंद झालं तेव्हा टिप्पर विकून त्यांनी प्रवासी गाडी घेतली, आणि पहिली ड्युटी याच एजन्सीने दिली. ग्राहकाच्या लेखी पगारावरचा आणि अटॅचवाला यात काही फरक नसतो. स्टेशनवर पाटी धरून जो उभा असतो तो एजन्सीचा माणूस.

या नऊजणांपैकी काहींशी बोलायला मी स्टँडवर गेलो. भाषणासाठी आठवणी हव्यात म्हटल्यावर एकाने शांतपणे सांगितलं, "सर, आभार नाकात. पयलीं बिलां फारीक करात." म्हणजे आभार नकोत, आधी बिलं चुकती करा. एप्रिल-मेच्या सुट्टीतल्या फेऱ्यांची बिलं जून संपत आला तरी निघाली नव्हती. एजन्सीची बाजूही ऐकली. काही पैसे बाहेरच्या एजंटांकडून यायचे असतात, ते महिना-दीड महिना अडकतात, आणि तोवर अटॅचवाल्यांना थांबवलं जातं. सगळीकडे असंच चालतं. पण डिझेल पंपावर रोखीने भरावं लागतं आणि गाडीचा हप्ता दर महिन्याला कापला जातो. अशा माणसाला हॉलमध्ये खुर्चीवर बसवून "तुमचे उपकार विसरणार नाही" म्हणायचं म्हणजे त्याला चिडवल्यासारखंच.

मी मालकांना म्हटलं, भाषण लिहितो, पण नऊजणांची बिलं कार्यक्रमाच्या आधी निघाली तरच त्यांची नावं घालू. हे सांगायला मला संकोच वाटला, मी काही त्यांचा हिशेबनीस नाही. त्यांनी आठ दिवसांत पैसे दिले. भाषणात त्याचा उल्लेख हवा का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. देणं दिलं याची टाळी कशी घेणार?

आता मजकुराकडे. मालकांना सगळ्यात आवडलेला प्रसंग असा होता: एका ड्रायव्हरने तिरुपतीहून परतताना सलग अठरा तास गाडी चालवून पार्टीला वेळेवर घरी पोचवलं. "हे ऐकून लोक उभे राहतील, सर." मी तो प्रसंग काढून टाकला. समोर बसलेल्या बाईंचा मुलगा पुढच्या महिन्यात याच एजन्सीच्या गाडीने तिरुपतीला जाणार असेल, तर तिला यातून काय ऐकू येईल? झोप न झालेला माणूस घाटातून गाडी आणत होता, आणि मालकाला त्याचा अभिमान आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या 1961 च्या कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला सर्वसाधारण आठ तासांची धरली होती. ती तोडल्याची कबुली माईकवरून द्यायची, तीही कौतुक म्हणून! अशा धंद्यांच्या समारंभात ही चूक मी पुष्कळदा ऐकली आहे. कष्टाचं कौतुक करता करता मालक आपली व्यवस्था किती ढिली आहे हेच सांगून बसतो.

त्याच्या जागी दुसरा प्रसंग घेतला. एका वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका ड्रायव्हरच्या घरी गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधणं चाललं होतं. नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन, आंब्याचे टाळे, सगळं खाली पसरलेलं. त्याच वेळी ऑफिसचा फोन आला. मुंबईहून कुलदैवताला आलेलं एक कुटुंब परत निघालं होतं आणि ठरलेली गाडी ऐनवेळी बंद पडली. तो शिडीवरून उतरला, हात धुतले, त्यांना मडगावला गाडीत बसवून रात्री घरी आला. तोवर बायकोने आणि मुलांनी माटोळी बांधून पूर्ण केली होती, फक्त मधला नारळ त्याच्यासाठी ठेवला होता. गोव्यात चतुर्थीला घर सोडून जाणं म्हणजे काय, हे श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नाही. भाषणात हे असं आलं:

"त्या दिवशी मी आभार ड्रायव्हरचे मानले. चुकलो. माटोळी त्याच्या घरच्यांनी बांधली. ताई, आज तुम्ही इथं आहात, म्हणून तेव्हाचे आभार आज मानतो. त्या वर्षापासून चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर आपण ड्युटी घेत नाही, हे इथल्या बऱ्याच पार्ट्यांना माहीत आहे. तुम्ही कधी कुरकुर केली नाही, तेव्हा तुमचेही आभार."

पाच-सहा वाक्यांत ड्रायव्हर, त्याचं घर आणि ग्राहक असे तिघंही आले. शिवाय आभाराच्या पाठीमागे एक नियम उभा होता. हा प्रसंग सांगायला मी त्या ड्रायव्हरची आणि त्याच्या बायकोची आधी परवानगी घेतली. आणखी एक फार हृद्य प्रसंग होता. अपरात्री अग्रशाळेतून एका आजारी पाहुण्यांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेल्याचा. तो मी मुळातच घेतला नाही. ड्रायव्हर तयार होता, पण आजार त्याचा नव्हता.

ऑफिसबद्दल लिहिणं सगळ्यात अवघड. ड्रायव्हरचं काम ग्राहकाला दिसतं. ऑफिसचं काम चोख झालं की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही याची गोष्ट कशी सांगायची? मी काउंटरवरच्या बाईंच्या शेजारी एक सकाळ बसलो. विमानाचं तिकीट काढायला एक गृहस्थ आले, सहकुटुंब परदेशी जायचं होतं. बाईंनी आधी सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. त्यांनी आधार कार्डं पुढे केली. बाई म्हणाल्या, "पासपोर्ट बघितल्याशिवाय मी नाव टाइप करत नाही." फोनवर फोटो मागवले. आधारवर `Naik`, वडिलांच्या पासपोर्टवर `Naique`. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीतलं स्पेलिंग तसंच पुढे आलेलं. गोव्यात हे घरोघरी आहे, शेणवींचं `Sinai` होतं, प्रभूंचं `Porobo`. आधार बघून तिकीट काढलं असतं तर घोळ विमानतळाच्या काउंटरवर उघडा पडला असता. नाव दुरुस्त करायला कंपनी पैसे घेते, कधी करूनच देत नाही. बाईंनी हे सगळं एका हाताने चहाचा कप बाजूला सारत केलं.

भाषणात मी हेच घातलं, गृहस्थांचा उल्लेख न करता, आडनाव बदलून. आणि शेवटी एक वाक्य: "तुमच्या कित्येक प्रवासांत काहीच घडलं नाही, ते या टेबलामुळे." मालकांना ते पहिल्यांदा वाचून कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाले, "हे राहू दे."

ग्राहकांचा भाग मालकांच्या सगळ्यात जिव्हाळ्याचा, म्हणून तिथंच जास्त ओढाताण झाली. मार्च 2020 मध्ये सगळं ठप्प झालं तेव्हा काशीची एक मोठी सहल ठरलेली होती. पैसे विमान कंपनीकडे भरलेले. त्या काळात कंपन्या रोख परत करण्याऐवजी ती रक्कम पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवत होत्या. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्याबद्दल निर्देश दिले, पण तोवरचे सहा-सात महिने एजंट मधल्या मध्ये सापडले होते. काही कुटुंबांनी सांगितलं, "राहू द्या तुमच्याकडे, जाऊ तेव्हा जाऊ." मालकांना त्यांची नावं रकमेसकट जाहीर करायची होती, त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल द्यायची होती.

मी विचारलं, ज्यांनी पैसे परत मागितले तेही येणार आहेत का? येणार होते. त्यांतल्या एकाची नोकरी गेली होती, एकाच्या घरात आजारपण होतं. न मागणाऱ्यांचा सत्कार करायचा म्हणजे मागणाऱ्यांना खाली मान घालून बसवायचं. पैसे त्यांचे होते आणि मागणं हा त्यांचा हक्क होता. यावर आमचं दोन दिवस पटलं नाही. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्या कुटुंबांमुळे ऑफिसचे पगार तीन महिने निघाले. शेवटी मजकूर असा ठरला: "त्या वर्षी काहींनी पैसे परत घेतले, ते त्यांचेच होते, आणि आमच्याकडून उशीर झाला त्याबद्दल आज सर्वांसमोर क्षमा मागतो. काहींनी ठेवले, त्यामुळे आम्हाला श्वास घेता आला. दोघंही पुन्हा आमच्याकडे आलात. देव बरें करूं." नाव नाही, रक्कम नाही. ठेवणाऱ्या कुटुंबांकडे मालक आदल्या आठवड्यात स्वतः घरी जाऊन आले.

क्रम मी उलटा लावला. रिवाजाप्रमाणे आधी ग्राहक, मग ऑफिस, शेवटी ड्रायव्हर, तोवर जेवणाचा वास येऊ लागतो आणि माणसं उठायला लागतात. म्हणून ड्रायव्हर पहिले, ऑफिस मधे, ग्राहक शेवटी. ग्राहक स्वतःची पाळी येईपर्यंत बसतात हा एक हिशेब, आणि ड्रायव्हरना सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवतात हा दुसरा. व्यासपीठावरची नावं मी निवेदनात घेतली, त्यामुळे मालकांची दोन मिनिटं वाचली. माईकवर मराठी माणूस मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द बोलतो. मी साडेसातशे लिहिले, टाळ्या आणि अडखळणं धरून आठ-नऊ मिनिटं. भाषा मराठीच, पण ड्रायव्हरांशी जिथं थेट बोलायचं तिथं कोकणी. ते त्यांच्याशी रोज जसं बोलतात तसंच.

कार्यक्रमाच्या दिवशी धो धो पाऊस. सातही ड्रायव्हर हजर, अटॅचवाले नवापैकी आठ. आणि मोठी चूक झाली ती माझी. सोळा नावं मी लायसनवरून उतरवून घेतली होती, शुद्धलेखन पक्कं, आडनावासकट. मालक वाचत गेले. एका नावाला हॉलमध्ये एकदम शांतता. कोण हा? खुद्द मालकही क्षणभर थबकले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, आबा!" आणि मग जो काही गलका झाला! बावीस वर्षं त्याला सगळे आबाच म्हणतात. मुंबईचे ग्राहक फोन करून "आबाच पाठवा" म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या घरच्यांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. मालकांनी कागद खाली ठेवला आणि पुढची सगळी नावं हाक मारायच्या नावांनी, न बघता घेतली. पंधरा झाली, सोळावं राहिलं. गैरहजर असलेल्याचं. कागद पुन्हा उचलून त्यांनी ते शोधलं आणि म्हणाले, "तो दाबोळीला पार्टी आणायला गेलाय. सोमवार बघून तारीख घेतली तरी एक सुटलाच."

जेवणं चालू असताना तो आला, ओल्या शर्टाने. त्याला वाढत असताना आबाने सांगितलं की त्याचंही नाव घेतलं होतं. "लायसनवरचं काय घरचं?" त्याने विचारलं.